‘तुम्ही’ आणि ‘तुम’ : वैनगंगाकांठचा एक जुना हिशेब

सुमारें साठ वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. भंडाऱ्यास आमचे आजोबा वारले, तेव्हां बालाघाटाहून त्यांच्या एका जुन्या स्नेह्याचें पत्र आलें. तांदळाच्या व्यापारामुळें या दोघांची तरुणपणीं ओळख झाली होती आणि पुढें व्यापार सुटला तरी स्नेह सुटला नव्हता. हे गृहस्थ हिंदीभाषी. पत्र हिंदींत होतें व आमच्या नांवानें होतें, कारण घरांत शाळेंत हिंदी शिकलेले असे आम्हीच काय ते होतों. ‘बेटा, तुम धीरज रखो’ अशा शब्दांनीं त्याचा आरंभ झाला होता.

उत्तर लिहिण्याचें काम अर्थातच आमच्याकडे आलें. आम्हीं पंधरा वर्षांच्या मुलाच्या रीतीप्रमाणें तें आधीं मनांत मराठींत जुळविलें. ‘तुमचें पत्र मिळालें. आजोबांविषयीं तुम्ही जें लिहिलेंत, तें वाचून सर्वांना धीर आला. तुमची प्रकृति कशी आहे? तुम्ही एकदां आमच्याकडे या.’ या चार वाक्यांत वडीलधाऱ्यांस न शोभणारें एकही अक्षर नाहीं. मग आम्हीं त्याचें शब्दास शब्द ठेवून हिंदी केलें. ‘तुम्हारा पत्र मिला. तुमने दादाजी के बारे में जो लिखा, वह पढ़कर सबको धीरज मिला. तुम्हारी तबीयत कैसी है? तुम एक बार हमारे यहाँ आओ.’ वडिलांनीं तें वाचलें आणि अक्षर चांगलें आहे असें म्हणून टपालांत टाकलें.

महिन्याभरानें दोन ओळींचें कार्ड आलें. ‘आपका पत्र मिला. आप सब सुखी रहें.’ एवढ्या वृद्ध माणसानें आपणांस ‘आप’ लिहिलें याचा आम्हांस कोण आनंद झाला! तें कार्ड आम्हीं घरांत सर्वांस दाखविलें आणि पुष्कळ दिवस पुस्तकांत खूण म्हणून ठेवलें. त्यानंतर मात्र त्यांचें पत्र आलें नाहीं. पांच-सहा वर्षांनीं गोंदियास एका लग्नांत त्यांच्या घरच्या मंडळींची गांठ पडली, तेव्हां ते निवर्तले होते. बोलण्याच्या ओघांत त्यांच्या एका आप्तानें हंसत सांगितलें कीं, त्या कार्डाच्या दिवशीं म्हातारबुवा म्हणाले होते, ‘मुलानें मला तुम लिहिलें, तो आतां मोठा झाला, त्याला बेटा आणि तुम म्हणणारा मी कोण?’ आम्हीं ज्यास मान समजत होतों तो रुसवा होता. ज्या ‘तुम’मध्यें त्यांची माया होती तें त्यांनीं परत घेतलें होतें, आणि त्याच्या जागीं एक स्वच्छ, थंड ‘आप’ पाठविलें होतें.

आजही भंडारा जिल्ह्यांतील किती तरी घरांत हीच चूक रोज होते, आणि ती करणाराचें मन बहुधा निर्मळ असतें. म्हणूनच ती कोठून आली याचा थोडा इतिहास पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मराठी ‘तुम्ही’ आणि हिंदी ‘तुम’ हे सख्खे भाऊ आहेत. संस्कृतांतील ‘युष्मद्’ या सर्वनामाचें प्राकृतांत ‘तुम्ह’ असें रूप झालें आणि त्याच रूपापासून दोन्ही शब्द निघाले. मूळ अर्थ केवळ अनेकवचनाचा. अनेकांशीं बोलावयाचें तें रूप एकाच मान्य पुरुषाशीं बोलतांना वापरणें, ही आदराची एक फार जुनी व फार पसरलेली युक्ति आहे. फ्रेंच भाषेंतील ‘व्हू’ याच युक्तीचें फळ होय. आदराची दुसरी युक्ति निराळी आहे. तींत समोरच्या माणसाकडे सरळ बोट न दाखवितां, जणूं तो तिसराच कोणी आहे अशा रीतीनें बोलावयाचें. संस्कृतांतील ‘भवान्’ हा शब्द असा आहे. तो म्हणतात समोरच्यास, परंतु त्याचें क्रियापद तृतीय पुरुषाचें असतें. जर्मन भाषेंतील आदराचें सर्वनामही मुळांत ‘ते’ या अर्थाचेंच आहे.

हिंदीचें ‘आप’ या दुसऱ्या जातीचें. ‘आत्मन्’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतांत ‘अप्प’ झाला आणि त्यांतून हिंदींत ‘आप’ व मराठींत ‘आपण’ निघाले. म्हणजे येथेंही दोघे भाऊच. हिंदींत ‘आप’ आदरार्थी झाल्यावर त्यानें ‘भवान्’ याचीच रीत उचलली. ‘वे जाते हैं’ तसेंच ‘आप जाते हैं’. ‘तुम जाते हो’ यांतील ‘हो’ त्यास चालत नाहीं. जुन्या मध्यप्रांतांतच, सागर येथें, जन्मलेले कामताप्रसाद गुरु यांचें हिंदी व्याकरण १९२० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतही ‘आप’ या आदरार्थी मध्यमपुरुषाबरोबर क्रियापद अन्यपुरुषाचें, बहुवचनीं येतें, हाच नियम आहे.

आतां हे दोन भाऊ दोन घरांत कोणत्या पायरीवर बसले तें पाहावें. हिंदींत पायऱ्या तीन. सर्वांत खालीं, अथवा सर्वांत जवळ म्हणा, ‘तू’. मधली ‘तुम’. वरची ‘आप’. मराठींतही मोजल्यास तीनच भरतात : ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’. कागदावर या दोन शिड्या शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे पायरीस पायरी जुळते, आणि शाळकरी मुलाची फसगत होते ती येथेंच. कारण शिड्या सारख्या असल्या तरी माणसें निरनिराळ्या पायऱ्यांवर उभीं आहेत. मराठींत रोजच्या व्यवहारांतला आदर ‘तुम्ही’नें पुरा होतो. काका, आजोबा, शेजारचे वृद्ध गृहस्थ, शाळेंतील मास्तर या सर्वांस ‘तुम्ही’ म्हटलें कीं कर्तव्य झालें. ‘आपण’ ही सभेची, निमंत्रणपत्रिकेची, अर्जाची आणि नवख्या थोर माणसाची पायरी. हिंदींत तोच रोजचा आदर ‘आप’वर आहे, आणि ‘तुम’ बरोबरीच्यांस व लहानांस उरलें आहे. सारांश, मराठीची मधली पायरी ही आदराची पायरी आहे, आणि हिंदीची मधली पायरी ही सलगीची आहे.

असें कां झालें असावें? शब्दांची किंमत नाण्यांप्रमाणें चढते-उतरते. एखादें मोठें नाणें नित्याच्या बाजारांत फिरूं लागलें कीं त्याच्या खालचें नाणें हलकें होतें. हिंदींत ‘आप’ दरबारांतून व शिष्ट मंडळींतून बाहेर पडून घरोघर रूढ झालें. तेव्हां ज्यास ‘आप’ म्हणतां येत असतां ‘तुम’ म्हटलें त्यास कांहींतरी कमी दिल्यासारखें वाटूं लागलें. मराठींत ‘आपण’ घरोघर उतरूं शकलें नाहीं. आमच्या मतें याचें एक कारण असें कीं, त्यास घरांत आधींच दुसरें काम होतें. ‘आपण जाऊं’ असें म्हटलें म्हणजे मराठींत बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्यांत येतात. ‘आम्ही जाऊं’ म्हटलें म्हणजे ऐकणारा वगळला जातो. इतक्या उपयोगाचा शब्द दिवसभर घरांत राबत असतां त्यासच आदराचें आसन देणें कठीण. गुजराथींतही ‘आपणे’ हा शब्द दोघांस धरून असलेल्या ‘आम्ही’चा अर्थ दाखवितो, आणि तेथेंही वडिलांस रोजच्या बोलण्यांत ‘तमे’ म्हणतात. म्हणजे ‘तुम्ह’ या घराण्यांत मराठी व गुजराथी या बहिणी एका बाजूस आहेत आणि हिंदी एकटी दुसऱ्या बाजूस आहे.

तथापि मराठीचा ‘तुम्ही’ नेहमींच आजच्या जागीं होता असेंही नाहीं. शिवकालांतील व पेशवाईंतील जुनीं पत्रें पाहिलीं तर निराळाच थाट दिसतो. धनी आपल्या कामगारास आज्ञा करतो तेव्हां ‘तुम्हांस’ ताकीद करतो, ‘तुम्हीं’ अमुक करावें असें लिहितो. तेथें ‘तुम्ही’ वरून खालीं जातें. उलट चाकर धन्यास लिहितो तेव्हां सर्वनाम शक्यतो टाळतो. ‘स्वामी’, ‘साहेब’ अशा नामांनीं तो बोलतो आणि क्रियापद तृतीय पुरुषीं ठेवतो. हीही ‘भवान्’चीच रीत झाली. आदराचा पुष्कळ भार मायन्यावर असे. तीर्थरूप, राजश्री, चिरंजीव यांपैकीं कोणता शब्द आरंभीं घातला आणि त्यापुढें साष्टांग नमस्कार, विनंति कीं आशीर्वाद लिहिला, यावरून लिहिणाराची जागा ठरून जाई. सर्वनामाची पाळी त्यानंतरची. अलीकडे मायने आटले, नामांचा तो थाट गेला, आणि त्यांचें सारें ओझें एकट्या ‘तुम्ही’च्या डोक्यावर आलें.

आपल्या भंडाऱ्याचा संबंध मराठीच्या याहूनही जुन्या काळाशीं पोंचतो. चक्रधरस्वामींचे भक्त निळभट्ट भांडारेकार यांस महानुभाव परंपरेंत मानाचें स्थान आहे, आणि त्यांच्या नांवांतच हें गांव आहे. त्या पंथाच्या तेराव्या शतकांतील गद्यांत भक्त स्वामींस उत्तर देतात तें ‘जी’ या अक्षरानें. तो ‘जी’ आजही वैनगंगेच्या कांठीं जिवंत आहे. पुण्यामुंबईचा पाहुणा भंडाऱ्याच्या खेड्यांत आला आणि कोणी त्यास ‘बसा जी’, ‘हो जी’ म्हटलें, म्हणजे त्यास ती हिंदीची नक्कल वाटते. हिंदीचा शेजार त्यास पोषक झाला असेल, परंतु मराठीच्या घरीं तो ‘जी’ फार पूर्वींपासून आहे.

झाडीबोली या नांवानें जी बोली भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत प्रसिद्ध आहे, तिच्यांत आणि एकंदर नागपुरी बोलण्यांत घरच्या माणसांस ‘तूं’ म्हणण्याची रीतही मोकळी आहे. अनेक शेतकरी घरांत मुलगा बापासही ‘तूं’ म्हणतो आणि त्यांत अनादर कोणास दिसत नाहीं. आईस तर बहुतेक सगळा महाराष्ट्रच ‘तूं’ म्हणतो, जसा वारकरी विठ्ठलास म्हणतो. तेव्हां ‘तूं’ हा नेहमीं खालच्यासाठींच असतो ही समजूत मराठींत टिकत नाहीं. तो लहानासाठीं आहे तसाच अगदीं आपल्या माणसासाठींही आहे. रॉजर ब्राउन व आल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकन विद्वानांनीं १९६० सालीं युरोपांतील भाषांच्या अशा सर्वनामांवर एक निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, अशा सर्वनामांमागें दोन शक्ति असतात : एक अधिकाराची व दुसरी आपलेपणाची. पहिलीमुळें माणसें वरखालीं लागतात, दुसरीमुळें जवळ अथवा दूर. आई ही वडील असूनही जवळची आहे. मराठीनें तेथें जवळीक निवडली. वडिलांच्या बाबतींत पांढरपेशा घरांनीं पुष्कळ काळ अधिकार निवडला, म्हणून ‘आई आली’ परंतु ‘बाबा आले’ असें आपण अजूनही सहज बोलतों.

या दोन भाषा भंडाऱ्यांत एकमेकींस इतक्या चिकटून कशा राहिल्या, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत हा मुलूख होता. १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीनें राज्य खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, त्यांत नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा हे मराठी मुलूख आणि जबलपूर, सागर हे हिंदी मुलूख एकाच कारभाराखालीं आले. १८६७ सालीं बालाघाट जिल्हा झाला तेव्हां भंडाऱ्याचा कांहीं भाग त्यांत गेला. पुढें बंगाल-नागपूर रेल्वे झाली, गोंदिया हें मोठें जंक्शन बनलें, तुमसरच्या बाजूस मँगेनीजच्या खाणी निघाल्या, आणि व्यापारी, कंत्राटदार, मजूर यांच्याबरोबर हिंदीच्या अनेक बोली येथें नांदूं लागल्या. पोवारी बोलणारीं कुटुंबें तर हल्लींच्या सीमेच्या दोहीं बाजूंस पूर्वींपासून आहेतच. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं भंडारा मुंबई राज्यांत आला व बालाघाट मध्यप्रदेशांत राहिला. १९६० सालीं महाराष्ट्र झाला. १९९९ सालीं गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा भंडाऱ्यांतून निघाला. सरकारी कागदावर रेघ पडली, तरी सोयरिकी, स्नेह आणि बाजार रेघेच्या पलीकडे पसरलेलेच राहिले. असा माणूस सकाळीं काकांस ‘तुम्ही’ म्हणतो आणि दुपारीं अडत्यास ‘आप’ म्हणतो. दोन शिड्या त्यास दिवसांतून अनेक वेळां बदलाव्या लागतात.

या बदलाबदलीमुळें नागपूर-भंडाऱ्याच्या हिंदीस एक खास वळण पडलें आहे. येथील मनुष्य पाहुण्यास आदरानें म्हणतो, ‘आप बैठो’, ‘आप कब आओगे?’ सर्वनाम त्यानें वरच्या पायरीचें घेतलें, परंतु क्रियापद मधल्या पायरीचें राहिलें. ‘तुम्ही बसा’ हें मनांत होतें. ‘तुम्ही’च्या जागीं ‘आप’ घालावें एवढें तो शिकला, पण ‘बसा’च्या जागीं ‘बैठिए’ पाहिजे हें राहून गेलें. बाजारांत याचें कोणास वाईट वाटत नाहीं. लखनौकडील वृद्धाच्या कानास मात्र तें टोपी घालून अनवाणी आल्यासारखें लागतें. याच्या जोडीची दुसरी चूक पत्रांत अधिक होते. आरंभ ‘आपका पत्र मिला’ असा नीट होतो, आणि चौथ्या ओळींत ‘तुम्हारी तबीयत’ येते. लिहिणाराचा हात थकला कीं जुनी मराठी पायरी वर येते. तिसरी चूक ‘आपले’ या शब्दाची. ‘आपण आपलें काम करावें’ हें मराठी शुद्ध आहे. त्याचें हिंदी ‘आप आपका काम कीजिए’ असें होत नाहीं, ‘आप अपना काम कीजिए’ असें होतें. मराठींत एकच ‘आपलें’ जें काम करतें तें हिंदींत ‘आपका’ आणि ‘अपना’ यांनीं वांटून घेतलें आहे.

म्हणून लिहून झालेलें उत्तर तपासण्याचा एक साधा उपाय आम्ही घरांतील मुलांस सांगतों. सर्वनामांवर बोट ठेवून भागत नाहीं. प्रत्येक वाक्याचें शेवटचें पद पाहावें. वडिलांच्या हिंदी पत्रांत वाक्याच्या शेवटीं कोठें ‘हो’, ‘ओगे’ किंवा ‘आओ’, ‘करो’ अशी ओकारान्त आज्ञा सांपडली, तर वर ‘आप’ लिहिलेलें असूनही आंत ‘तुम’ शिरला आहे असें समजावें. मराठींत याच रीतीनें ‘आपण’ची शंका फिटते. ‘आपण उद्यां येऊं’ यांत लिहिणारा स्वतः आहे. ‘आपण उद्यां याल’ यांत केवळ समोरचा आहे. सर्वनाम एकच, निवाडा क्रियापदाचा.

आतां उत्तराचाच प्रश्न घेऊं, कारण उत्तर देणाराच्या हातीं आलेलें पत्र असतें आणि त्यांतील सर्वनाम उचलण्याचा मोह त्यास होतो. बरोबरीच्या मित्रांत हा मोह योग्य आहे. मित्रानें मराठींत ‘तूं’ लिहिलें तर उत्तर ‘तूं’नेंच द्यावें, त्यास ‘तुम्ही’ लिहिणें म्हणजे दार अर्धें लोटून घेणें होय, आणि ‘आपण’ लिहिल्यास तो थट्टा तरी समजेल किंवा भांडण तरी. हिंदी मित्रानें ‘तुम’ लिहिलें तर उत्तरीं ‘तुम’ द्यावें. येथें मराठी माणसाची उलट फसगत होते. शाळासोबत्यास ‘तूं’ म्हणण्याची त्यास लहानपणापासून संवय. तोच ‘तूं’ तो चार दिवसांच्या हिंदी मित्रास ‘तू’ म्हणून देतो. परंतु हिंदींत ‘तू’ची जागा फार अरुंद आहे. ईश्वर, लहान मूल, अगदीं जिवाभावाचा सोबती आणि रागाचा क्षण एवढेंच त्यांत मावतें. मित्रानें आपण होऊन ‘तू’ म्हटल्याखेरीज आपण त्या पायरीवर उतरूं नये हें बरें.

वडिलांच्या बाबतींत मात्र प्रतिध्वनीची ही रीत चालत नाहीं. तेथें पत्र खालीं येतें आणि उत्तर वर जातें. बालाघाटच्या त्या वृद्धानें आम्हांस ‘तुम’ लिहिलें तें योग्यच होतें. तेंच ‘तुम’ आम्हीं परत पाठविलें तेव्हां आम्ही त्यांच्या बरोबरीला जाऊन बसलों. आमच्या मनांत ‘तुम्ही’ होतें, परंतु कागदावर मन दिसत नाहीं. मराठीवरून हिंदींत जातांना एक पायरी वर चढावी : जेथें मराठींत ‘तुम्ही’ तेथें ‘आप’, जेथें ‘तूं’ तेथें बहुधा ‘तुम’. हिंदीवरून मराठींत येतांना एक पायरी उतरावी. ‘आप’चें ‘आपण’ करूं नये, ‘तुम्ही’ करावें. भंडाऱ्याच्या एखाद्या आजोबांस हिंदीभाषी नातसून भक्तीनें ‘आपण जेवलात का?’ असें विचारते, तेव्हां आजोबांस आपण परक्या घरीं जेवावयास आलों आहों असें वाटतें. ‘जेवलात का, आजोबा?’ एवढें म्हटलें तरी पुरे. सर्वनाम गाळलें तरी ‘जेवलात’मधील ‘त’ मानाचें काम करतो.

या हिशेबास एक मोठा अपवाद आहे, तो आईचा. मराठी मुलगा स्वतःच्या आईस ‘तूं’ म्हणतो म्हणून त्यानें हिंदी मित्राच्या आईस ‘तुम’ म्हणूं नये. अनेक सुशिक्षित हिंदी घरांत मुलें स्वतःच्या आईसही ‘आप’ म्हणतात, आणि जेथें मुलगा ‘तुम’ म्हणतो तेथेंही पाहुण्यानें ‘आप’च म्हणावयाचें असतें. तसेंच हिंदी मित्र आपल्या घरीं आला आणि आपण आईस ‘तूं’ म्हणतों हें त्यानें ऐकलें, तर त्यानें तें उचलूं नये. त्याच्या तोंडीं ‘तुम्ही’ शोभतें. घरच्या माणसाचा ‘तूं’ हा रक्ताचा हक्क आहे, तो नुसता ऐकून मिळत नाहीं. मराठी घरांत सून सासूस ‘तुम्ही’ म्हणते आणि लेक तिलाच ‘तूं’ म्हणते; एकाच ओसरीवर एकाच बाईस दोन सर्वनामें मिळतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

हल्लीं नागपूर, भंडाऱ्याच्या शहरी घरांत मुलें बाबांसही ‘तूं’ म्हणूं लागलीं आहेत आणि जुनीं माणसें त्यावर नाकें मुरडतात. आम्हांस त्यांत अनर्थ दिसत नाहीं. खेड्यांतील घरांनीं जें पूर्वींपासून केलें तें शहरांनीं उशिरा केलें, एवढेंच. बापाच्या बाबतींत अधिकाराऐवजीं जवळीक निवडली गेली, आणि ती दोघांच्या संमतीनें निवडली गेली. दुःख होतें तें एकानें न विचारतां पायरी बदलली म्हणजे. आणि दोन भाषांच्या सीमेवर ती न बदलतांही बदललेली दिसते.

त्या कार्डाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. तें देतां आलें असतें तर चार वाक्यांतच झालें असतें. ‘आपका पत्र मिला. आपने दादाजी के बारे में जो लिखा, उससे सबको धीरज मिला. आपकी तबीयत कैसी है? आप एक बार हमारे यहाँ आइए.’ आणि शेवटीं एक ओळ आम्हीं अधिक घातली असती कीं, आम्हांस पुन्हा ‘तुम’ म्हणावें.